दीर्घ लेखाचा समारोप: प्रस्तावना पुन्हा न सांगता गोषवारा कसा द्यावा

बडोद्यातल्या एखाद्या मराठी मंडळाची स्मरणिका असो, दिवाळी अंक असो किंवा व्याख्यानाचे लेखी रूप असो, लेख तीन हजार शब्दांच्या पुढे गेला की शेवटी गोषवारा लागतोच. मधले तपशील वाचता वाचता वाचकाच्या हातून धागा सुटलेला असतो. लेखकालाही हे ठाऊक असते. तो समारोप लिहायला बसतो आणि आपण कुठून निघालो होतो हे आठवावे म्हणून आधी प्रस्तावना वाचून काढतो. बिघाड नेमका इथे होतो. नुकतीच वाचलेली वाक्ये मनात ताजी असतात आणि तीच काळ बदलून कागदावर उतरतात. ‘पाहणार आहोत’ होते तिथे ‘पाहिले’ येते, ‘मागोवा घेऊ’चे ‘मागोवा घेतला’ होते, आणि समारोप झाला असे वाटते.

प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणचा वाचक वेगळा असतो. माणूस तोच, पण प्रस्तावनेशी तो येतो तेव्हा त्याला काहीच माहीत नसते. नाव, साल, ठिकाण, प्रश्न हे सगळे त्याच्या हातात द्यावे लागते. शेवटाशी पोचलेल्या वाचकाला हे सगळे मिळालेले असते. त्याला कळलेले नसते ते एवढेच, की वाचलेल्या दहा गोष्टींपैकी कोणत्या दोन-तीन गोष्टींवर बाकीच्या उभ्या आहेत आणि त्या एकमेकींना कुठे जोडल्या आहेत. समारोपात नवी माहिती नसावी, पण नवा दुवा असावा. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीसाठी आहे. ती एका नमुना लेखावर पायरीपायरीने करून पाहू.

नमुना लेख

समजा लेख बडोदा संस्थानातल्या ग्रंथालयांवर आहे. लांबी सुमारे तीन हजार शब्द, विभाग सहा. पहिल्या विभागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची हकीकत येते: १८९३ साली अमरेली भागातल्या काही गावांत सुरुवात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात अंमल. दुसऱ्यात सयाजीरावांनी अमेरिकेत पाहिलेली सार्वजनिक ग्रंथालये आणि १९१० साली तिथून बोलावलेले ग्रंथपाल बोर्डन. तिसऱ्यात शहरातले मध्यवर्ती ग्रंथालय आणि १९११ साली निघालेला ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग. चौथ्यात खेडोपाडी जाणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या. पाचव्यात गावातल्या ग्रंथालयाच्या खर्चाची वाटणी, म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणी काढली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीकडून आणि तेवढीच सरकारकडून. सहाव्यात मध्यवर्ती ग्रंथालयातला मुलांचा आणि स्त्रियांचा विभाग.

लेखाची प्रस्तावना अशी आहे:

‘बडोदा संस्थानाचे अधिपती महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९१० मध्ये, अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून त्यांनी ग्रंथालयांची उभारणी सुरू केली. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय आणि खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या अशी ही व्यवस्था होती. शाळांच्या पाठोपाठ ग्रंथालये का, या प्रश्नाचा मागोवा या लेखात घेऊ.’

प्रस्तावना चांगली आहे. तिने माणूस, साल आणि व्यवस्था सांगितली, आणि उत्तर न देता प्रश्न ठेवला. आता हातून सहज लिहिला जाणारा समारोप पाहा:

‘अशा प्रकारे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून १९१० पासून ग्रंथालयांची उभारणी केली, हे आपण पाहिले. मध्यवर्ती ग्रंथालय आणि फिरत्या पेट्या ही या व्यवस्थेची दोन अंगे होती. सयाजीराव हे खरोखरच द्रष्टे राजे होते. वाचनसंस्कृती टिकवणे ही आज काळाची गरज आहे.’

चार वाक्यांपैकी पहिली दोन प्रस्तावनेतली आहेत. तिसरे वाक्य प्रशस्ती आहे, तीही लेखात कुठे न मांडलेली, कारण लेख राजाच्या थोरवीवर नव्हता, व्यवस्थेवर होता. चौथे वाक्य तर दुसऱ्याच लेखाची सुरुवात आहे. आणि प्रस्तावनेने विचारलेला एकुलता एक प्रश्न, ‘का?’, चारही वाक्यांत अनुत्तरित राहिला. तीन हजार शब्दांत त्याचे उत्तर आले होते, पण समारोपाने ते उचललेच नाही.

पहिली पायरी: प्रस्तावना झाका

मसुदा छापील असेल तर पहिला परिच्छेद कोऱ्या कागदाने झाका. पडद्यावर असेल तर प्रस्तावना कापून दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल बंद करा. नुसते ‘वाचणार नाही’ असे ठरवून भागत नाही. लेख वरून खाली वाचायची सवय इतकी पक्की असते की डोळा आपोआप पहिल्या ओळीवर जातो.

मग पहिल्या विभागापासून शेवटच्यापर्यंत सलग वाचा. एकही दुरुस्ती करू नका. शुद्धलेखन खुपले तरी हात लावू नका. दुरुस्ती सुरू झाली की नजर वाक्यात अडकते आणि विभागाचा रोख दिसेनासा होतो. हे वाचन शक्यतो लेख लिहून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावे.

दुसरी पायरी: दर विभागाला समासात एक वाक्य

प्रत्येक विभाग वाचून झाला की समासात एकच वाक्य लिहा. ते या प्रश्नाचे उत्तर असावे: विभाग वाचण्याआधी वाचकाला माहीत नव्हते आणि आता माहीत झाले, असे काय? वाक्यात विधान हवे. ‘या विभागात फिरत्या पेट्यांची माहिती आहे’ हे विधान नाही, ती अनुक्रमणिकेतली ओळ झाली. अशा ओळींपासून केलेला समारोप भूतकाळातली अनुक्रमणिका होतो: आधी हे पाहिले, मग ते पाहिले, शेवटी अमुक पाहिले. प्रस्तावनेची पुनरावृत्ती तिथूनच येते, कारण प्रस्तावनेने भविष्यकाळात हीच अनुक्रमणिका दिलेली असते.

नमुना लेखाची समासातली वाक्ये अशी होतील:

पहिला विभाग: शाळा सक्तीची झाली, पण शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेली अक्षरओळख विरून जाते.
दुसरा: सर्वांना मोफत खुले आणि सार्वजनिक पैशावर चालणारे ग्रंथालय हा नमुना अमेरिकेतून आला.
तिसरा: पुस्तके हाताळणारी माणसे आधी तयार करावी लागली, म्हणून प्रशिक्षणवर्ग.
चौथा: गावात इमारत नसली तरी पेटी जाऊ शकत होती, आणि ती बदलून दुसरी येत होती.
पाचवा: गावातले ग्रंथालय गावाच्या वर्गणीवाचून उभे राहत नव्हते, कारण बाकीचे दोन वाटे वर्गणीनंतरच मिळत.
सहावा: मुले आणि स्त्रिया यांच्यासाठी वेगळी सोय होती.

वाक्य लिहिताना ‘पण’, ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तरी’ यांपैकी एखादे अव्यय आपोआप येते का, ते पाहा. आले तर विभागात काहीतरी घडलेले आहे. दुसऱ्या आणि सहाव्या वाक्यांत असे काही आलेले नाही. ती नुसती नोंद करतात. ही खूण पुढे उपयोगी पडेल.

एखाद्या विभागाला वाक्यच सुचत नसेल, किंवा एकाऐवजी तीन सुचत असतील, तर दोष समारोपाचा नाही. वाक्य सुचत नाही तो विभाग बहुधा माहितीचा साठा आहे. तीन सुचतात तो विभाग फोडायला हवा. आधी ते करा.

तिसरी पायरी: वाक्ये कारणाने जोडा, क्रमाने नाही

ही पायरी सर्वांत वेळ घेते आणि समारोप इथेच घडतो. सहा वाक्ये वेगळ्या कागदावर उतरवा आणि कोणत्याही दोहोंमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतो का ते करून पाहा. विभागांचा मूळ क्रम विसरायचा. लेखाचा क्रम बहुधा काळाचा असतो. आधी १८९३, मग १९०६, मग १९१०. समारोपाने तोच क्रम धरला तर लेख पुन्हा एकदा, या वेळी घाईघाईने, सांगितल्यासारखे होते.

पहिले आणि चौथे वाक्य जोडून पाहा: अक्षरओळख विरते, म्हणून पेटी. चौथे आणि पाचवे: पेटी येते, पण जाते, ग्रंथालय राहायचे तर वर्गणी हवी. हे दोन दुवे पक्के आहेत. आता पहिले आणि पाचवे शेजारी ठेवा. शाळेला सक्ती होती, ग्रंथालयाला वर्गणी होती. एकीकडे हुकूम, दुसरीकडे गावाची इच्छा. हा विरोध लेखात कुठेच स्पष्ट लिहिलेला नव्हता, कारण दोन विभागांत दीड-दोन हजार शब्दांचे अंतर होते. तरी त्याचे दोन्ही भाग लेखात आहेत. समारोपात यायला हवा तो नवा दुवा हाच. वाचकाला तो स्वतःहून दिसण्याची शक्यता कमी, कारण पाचव्या विभागाशी पोचेपर्यंत पहिला मागे पडलेला असतो.

तिसऱ्या वाक्याला स्वतंत्र जागा लागत नाही, ते दोन शब्दांत दुसऱ्या कुठल्यातरी वाक्यात सामावेल. दुसरे वाक्य उगम सांगते, तो प्रस्तावनेत येऊन गेला आहे, सोडून द्या. सहावे कशालाच जोडले जात नाही. ते सोडताना जड जाते, विशेषतः मुलांच्या विभागाची माहिती मेहनतीने मिळवलेली असेल तर. पण विभाग लेखात राहतोच, फक्त गोषवाऱ्यात येत नाही. सहाही विभागांना एकेक वाक्य देण्याचा हट्ट धरला की ‘तसेच’, ‘शिवाय’, ‘त्याचप्रमाणे’ हे शब्द लागतात. समारोपाच्या मसुद्यात हे तीन शब्द सापडले तर तिथे जोडणी झालेली नाही, नुसती मांडणी झाली आहे असे समजावे.

चौथी पायरी: लिहिणे

तीन हजार शब्दांच्या लेखाला साठ ते दीडशे शब्दांचा समारोप पुरतो. एक परिच्छेद, फार तर दोन. त्याहून लांब झाला तर तुम्ही पुन्हा समजावून सांगू लागला आहात.

पहिला मसुदा असा येऊ शकतो:

‘शाळेत शिकलेले वाचन टिकावे यासाठी ग्रंथालये निघाली. त्यासाठी प्रत्येक गावात पुस्तकांच्या पेट्या पोचल्या. तसेच ग्रंथपालांना प्रशिक्षण देण्यात आले. शिवाय गावकऱ्यांनीही खर्चाचा वाटा उचलला.’

प्रश्नाचे उत्तर पहिल्या वाक्यात आले, ही मोठी सुधारणा आहे. पण पुढची तीन वाक्ये सारख्या वजनाची आहेत, ‘तसेच’ आणि ‘शिवाय’ हजर आहेत, आणि ‘प्रत्येक गावात’ हे लेखात कुठेच म्हटलेले नाही. त्यावर काम करून आलेला मसुदा:

‘शाळेने वाचायला शिकवले, पण शिकलेले टिकवणे शाळेच्या हातात नव्हते. ते काम पेट्यांनी केले. जिथे ग्रंथालयाला छप्पर नव्हते तिथेही त्या जात, आणि वाचून झालेली पुस्तके परत नेऊन नवी ठेवून जात. पण पेटी आली तशी जाणारच. गावात पुस्तके कायमची राहिली ती गावाने आपला तिसरा वाटा उचलला तिथे. शाळेत जाण्याची सक्ती करता आली, वाचनाची करता येण्यासारखी नव्हती. म्हणून दरबाराने पैसे दिले, माणसे तयार केली आणि पुढचे पाऊल गावावर सोडले.’

यात एकही साल नाही, पूर्ण नाव नाही, बोर्डन नाहीत, अमेरिका नाही. हे सगळे प्रस्तावनेने दिले होते आणि ते वाचकाकडे आहे. प्रशिक्षणवर्ग ‘माणसे तयार केली’ एवढ्यात आला.

वाक्यांच्या घडणीकडेही जरा जवळून पाहा. मराठीत नवी गोष्ट बहुधा क्रियापदाच्या अलीकडे बसते आणि माहीत असलेली वाक्याच्या तोंडाशी. प्रस्तावनेत ‘अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून’ असे लिहिले, त्यातले ‘नावाचे’ हेच सांगते की या माणसाची वाचकाशी पहिली गाठ पडते आहे. समारोपात ‘नावाचे’, ‘या ठिकाणी असलेले’, ‘म्हणून ओळखले जाणारे’ असे ओळख करून देणारे शब्द आले तर तिथे प्रस्तावना शिरली आहे. उलट ‘ते काम’, ‘आपला तिसरा वाटा’, ‘आली तशी जाणारच’ हे शब्द वाचकाला माहिती आहे असे धरून चालतात. ‘गावात पुस्तके कायमची राहिली ती गावाने वाटा उचलला तिथे’ ही ठेवण समारोपाला फार सोयीची आहे, कारण त्यात माहीत असलेली गोष्ट आधी येते आणि अट शेवटी येऊन ठसते. हेच वाक्य ‘गावाने वाटा उचलल्यावर गावात पुस्तके कायमची राहिली’ असे लिहिले तर माहिती तीच राहते, जोर मात्र निघून जातो.

पहिला शब्द जपून निवडा. ‘अशा प्रकारे’, ‘थोडक्यात सांगायचे तर’, ‘वरील विवेचनावरून’, ‘एकंदरीत पाहता’ ही शाळेच्या निबंधातून आलेली सुरुवात आहे. बडोद्यात ज्यांचे शिक्षण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून झाले त्यांच्या हातूनही ती येते, कारण निबंधाची शिस्त सगळीकडे सारखीच शिकवतात. तोटा असा की ‘अशा प्रकारे’ लिहिले की पुढचा शब्द म्हणून लेखाचा विषय पूर्ण नावानिशी येतो, आणि मग प्रस्तावनेचे पहिले वाक्य थांबवता येत नाही. त्याऐवजी लेखाच्या मध्यभागी पहिल्यांदा आलेल्या एखाद्या गोष्टीने सुरुवात करा, किंवा नमुन्यातल्यासारखे थेट उत्तराने.

पाचवी पायरी: तपासणी

आता झाकलेली प्रस्तावना उघडा आणि समारोप तिच्या शेजारी ठेवा.

पहिली तपासणी अदलाबदलीची. समारोप उचलून लेखाच्या अगदी वर ठेवा आणि लेख न वाचलेल्या कुणाला तरी तेवढाच द्या. तो अडखळायला हवा. ‘कसल्या पेट्या? कुणाचा तिसरा वाटा?’ असे त्याने विचारले तर समारोप आपल्या जागी बरोबर आहे. त्याला सगळे सरळ समजले, काही विचारावेसे वाटले नाही, तर तुम्ही दुसरी प्रस्तावना लिहिली आहे. घरात कुणी वाचायला नसेल तर स्वतःच वाचा आणि ज्या शब्दाचा अर्थ लेखाशिवाय लागत नाही त्यावर खूण करा. दीडशे शब्दांत अशा दोन-तीन तरी खुणा पडाव्यात.

दुसरी तपासणी विधानांची. समारोपातले प्रत्येक विधान प्रस्तावनेत आहे का ते पाहा, आणि शब्द नाही, विधान पाहा. ‘पेटी’ हा शब्द दोन्हीकडे येणारच, तो विषय आहे. तो टाळण्यासाठी ‘ग्रंथमंजूषा’ वगैरे पर्याय शोधू नका, त्याने वाचक गोंधळतो आणि पुनरावृत्ती काही कमी होत नाही. प्रस्तावना म्हणते की फिरत्या पेट्या होत्या. समारोप म्हणतो की पेटी जाणारच. शब्द एक, विधाने दोन. पाचात एखादे विधान सारखे निघाले तर चालते, दोन निघाली तर तिसऱ्या पायरीवर परत जा.

तिसरी तपासणी उलट बाजूने: समारोपात असे काही आहे का, जे लेखात नाही? प्रत्येक वाक्यासमोर ते लेखाच्या कोणत्या विभागातून आले तो आकडा घाला. नमुन्यात पहिल्या वाक्यासमोर १ येईल, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्यासमोर ४, पाचव्यासमोर ५, शेवटच्या दोहोंसमोर मिळून १, ३ आणि ५. आकडा घालता येत नाही ते वाक्य काढा. ‘काळाची गरज’ हे वाक्य इथेच गळून पडते. एखादी नवी माहिती खरोखर महत्त्वाची वाटत असेल तर ती मागे योग्य विभागात न्या, मग तिला आकडा मिळेल.

शेवटी शब्दांचा जोर तपासा. ‘सर्व’, ‘प्रत्येक’, ‘पहिल्यांदाच’, ‘नेहमीच’, ‘पूर्णपणे’ हे शब्द समारोपात फार सहज येतात, कारण गोषवारा देताना अटी गळतात. लेखात ‘काही गावांत’ होते ते शेवटी ‘गावागावांत’ होते. विषय जाणणारा वाचक समारोप वाचताना नेमका इथे थांबतो, आणि मग मागच्या तीन हजार शब्दांवरचाही त्याचा विश्वास डळमळतो.

प्रस्तावनेनेच उत्तर दिलेले असेल तर

कधी कधी वरचे सगळे करूनही समारोप प्रस्तावनेसारखाच दिसतो. तेव्हा प्रस्तावना तपासा. नमुना लेखाची सुरुवात ‘शाळेत शिकलेले वाचन विरून जाऊ नये म्हणून बडोदा संस्थानाने गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या’ अशी असती, तर समारोपाच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांतली हवा आधीच गेली असती.

इथे दोन मार्ग आहेत. ललित किंवा इतिहासपर लेखात उत्तर प्रस्तावनेतून काढा आणि तिथे प्रश्न ठेवा. अहवाल, निवेदन किंवा माहितीपत्रक असेल तर उत्तर वरच द्यावे लागते, कारण अनेकजण तेवढेच वाचतात. मग समारोपाने उत्तर पुन्हा देऊ नये, त्याची अट किंवा मर्यादा द्यावी. नमुन्यात समारोप थेट ‘पण पेटी आली तशी जाणारच’ इथून सुरू होईल आणि वर्गणीच्या दुव्यावर संपेल. तो निम्मा होईल, आणि तसाच चांगला दिसेल.

कृतीच्या लेखात थोडा बदल

वाचकाला काही करायला शिकवणारा लेख असेल तर समारोपात पायऱ्यांची यादी पुन्हा देण्याचा मोह होतो. समजा लेख वर्षाचे गहू भरण्यावर आहे: निवडणे, ऊन दाखवणे, एरंडेल चोळणे, कोठीत भरणे. प्रस्तावनेत या चारही पायऱ्यांचा उल्लेख असतो आणि लेखात प्रत्येकीला विभाग असतो. समारोपात चारही पुन्हा आल्या तर त्या तिसऱ्यांदा येतात.

इथे कारणांऐवजी चुकांचे वजन सांगावे. उन्हातून आणलेले गहू गरम असतानाच कोठीत भरले तर आत बाष्प धरते आणि बुरशी येते, ती नंतर निघत नाही. तेलाचा हात थोडा कमी पडला तर किडीचा धोका वाढतो, पण मधून कोठी उघडून पाहिली तर वेळेवर कळते आणि सावरता येते. म्हणून समारोप असा होईल: ‘तेलात थोडे कमीजास्त झाले तर नंतर सावरता येते. ओलाव्याचे तसे नाही. गहू पूर्ण गार झाले आहेत आणि कोठी कोरडी आहे, याची खात्री झाल्याशिवाय झाकण लावू नका.’ निवडण्याचा उल्लेखही नाही, कारण तिथे कुणी चुकत नाही. कोठीसमोर उभ्या असलेल्या वाचकाला शेवटी हेच लागते.

लेख कापला गेला तर

अंकाच्या जागेसाठी पाचशे शब्द कमी करा, असा निरोप आला की लेखक एखादा पूर्ण विभाग काढतो. तो नेमका पाचवा असेल तर समारोपातला ‘तिसरा वाटा’ लोंबकळत राहतो, आणि मुद्रिते वाचतानाही हे निसटते, कारण वाक्य व्याकरणाने निर्दोष असते. म्हणून तपासणीत घातलेले विभागांचे आकडे आणि समासातली वाक्ये लेख छापून येईपर्यंत जपून ठेवा. कोणता विभाग गेला ते पाहायचे, त्याचा आकडा असलेली वाक्ये काढायची, आणि उरलेल्यांत ‘म्हणून’ आणि ‘पण’ अजून लागू पडतात का ते पुन्हा बघायचे. पाचवा गेला तर शेवटची दोन वाक्येही राहत नाहीत. मग पेटीच्या येण्याजाण्यावर समारोप थांबवावा, किंवा संपादकांना विचारून पाचव्याऐवजी सहावा विभाग काढावा.